मदत हवी आहे : विषयपत्रिकेत 'अपेक्षित निर्णय' कसा लिहावा?

चिटणीस, खानापूर तालुका
आमच्या वाचनालयाच्या कार्यकारिणीत ९ सदस्य असून मासिक सभा दीड तासाची असते. 'छप्पर दुरुस्तीबाबत विचारविनिमय करणे' हा विषय प्रत्येक सभेत येतो, त्यावर पुष्कळ बोलणे होते, पण इतिवृत्तात 'चर्चा झाली' एवढेच उरते. आमच्याकडचा पाऊस तोंडावर आला आहे आणि पुस्तकांची कपाटे त्याच छपराखाली आहेत. प्रत्येक विषयापुढे हेतू, वेळ आणि अपेक्षित निर्णय लिहावा असे वाटते. पण त्यामुळे चिटणिसाने निकाल आधीच ठरवला, असा समज होईल का?

निपाणीकर
सभेची नोटीस किती दिवस आधी द्यायची, हे पोटनियमांत पाहा. आमच्या पतसंस्थेत वार्षिक सभेच्या वेळी यावरूनच वाद झाला होता.

चिटणीस, खानापूर तालुका
आभारी आहे, परंतु नोटीस वेळेवर जाते. माझा प्रश्न विषयाच्या मांडणीचा आहे.

बेळगाववासी
तयार ठरावच छापा आणि सर्व विषयांना सारखा वेळ द्या, म्हणजे कोणी तक्रार करणार नाही.

निवृत्त कार्यालय अधीक्षक, बेळगाव
ठरावाचा मसुदा सोबत जोडणे योग्यच आहे, पण त्यात ठेकेदाराचे नाव आणि रक्कम यांच्या जागा कोऱ्या ठेवाव्यात. अपेक्षित निर्णय म्हणजे सभेने कोणत्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे ते; उत्तर सभेचेच असते. आपला विषय मी असा लिहीन :

'वाचनकक्षाच्या छपराची दुरुस्ती. हेतू : निर्णय घेणे. वेळ : २५ मिनिटे. अपेक्षित निर्णय : सोबतच्या तीन दरपत्रकांपैकी कोणते स्वीकारायचे, खर्चाची कमाल मर्यादा किती आणि काम कोणत्या तारखेपर्यंत पूर्ण करून घ्यायचे.'

वेळ सर्व विषयांना सारखा वाटून देऊ नये. येथे मांडणीला ५ मिनिटे, ९ जणांना प्रत्येकी २ मिनिटे आणि ठराव लिहून वाचायला २ मिनिटे, असे २५ होतात. जो विषय केवळ माहितीसाठी आहे, त्यापुढे तसे लिहून ५ मिनिटेच ठेवावीत. इतिवृत्त कायम झाल्यावर लगेच छपराचा विषय घ्यावा, कारण शेवटी ठेवलेल्या विषयाचा वेळ आधीचे विषय खातात. दरपत्रके सभेआधी सदस्यांच्या हाती पडली नाहीत, तर ती वाचण्यातच २५ मिनिटे जातील आणि पुन्हा 'चर्चा झाली' एवढेच लिहावे लागेल.

बेळगाववासी
कोऱ्या जागांचे पटले. पण २५ मिनिटांत एकमत झाले नाही तर?

निवृत्त कार्यालय अधीक्षक, बेळगाव
अध्यक्षांनी तेव्हा मुदतवाढ किंवा मतदान यांपैकी एक निवडावे, आणि तशी ओळ विषयपत्रिकेतच असावी. 'ऐनवेळच्या विषयांत' मात्र खर्चाचा निर्णय घेऊ नये, कारण गैरहजर सदस्यांना त्याची कल्पनाच नसते.

चिटणीस, खानापूर तालुका
याप्रमाणेच लिहितो. आमच्या दोन सदस्यांना कन्नड वाचणे सोपे जाते. त्यांच्यासाठी संपूर्ण विषयपत्रिका दोन्ही भाषांत काढावी का?

निपाणीकर
निदान 'अपेक्षित निर्णय' तरी दोन्ही भाषांत द्या.

निवृत्त कार्यालय अधीक्षक, बेळगाव
माझे मत वेगळे आहे. अर्धेच भाषांतर दिले, तर दरपत्रकांच्या अटी त्यांना कळणार नाहीत आणि मत मात्र द्यावे लागेल.