'दोष', 'जाब' की 'खापर'? बॅकप्रोपॅगेशनमधल्या ब्लेमला मराठीत काय म्हणायचं

रेवती:
बॅकप्रोपॅगेशनवरचं एक टिपण विद्यार्थ्यांसाठी मराठीत करतेय. मुद्दा असा की चूक अगदी शेवटी, आउटपुटला दिसते, आणि तिथून मागे मागे जात प्रत्येक वेटकडे त्या चुकीचा किती ब्लेम जातो ते काढायचं. मी 'दोषवाटप' लिहिलं होतं. तपासणाऱ्यांनी ते खोडून 'उत्तरदायित्व-निर्धारण' केलं आणि शेजारी लिहिलं की आकड्यांना कसला आलाय दोष. मला हा शब्द विद्यार्थ्यांपुढे ठेववत नाही. तुम्ही काय म्हणाल? टिपणातलं नेटवर्क एवढंसंच आहे:

```
h1 = relu(w1*x)           # x=2, w1=0.5
h2 = relu(w2*x)           # w2=1.5
y  = v1*h1 + v2*h2        # v1=4, v2=-1
loss = (y - t)**2 / 2     # t=3
```

म्हणजे h1 आला १, h2 आला ३, y आला १. हवा होता ३. लॉस २.

जुना खडू:
'उत्तरदायित्व' नको म्हणणाऱ्यांनी 'जबाबदारी'चं मूळ बघावं, ती फारसीतनं आलेली, आणि आज तिच्याइतका मराठी शब्द नाही. पण इथे दोन्ही नकोत. आपल्याकडे यासाठी 'खापर फोडणे' आहे की! संस्कृत खर्पर, त्याचं खप्पर, त्याचं खापर. शेवटी चूक दिसली आणि खापर मागच्यांच्या माथी फुटलं, हेच तर चाललंय तुमच्या नेटवर्कात.

तन्मय:
दोषवाटपच बरोबर आहे, बदलू नका. चूक २ ची आहे, ती v1 आणि v2 च्या प्रमाणात वाटायची, ४ ला १, म्हणजे h1 कडे १.६ आणि h2 कडे ०.४. मग तेच पुढे w1, w2 कडे. जितकं वेट मोठं तितका दोष मोठा, मी असंच शिकलोय आणि चित्र काढून दाखवलं तर कुणालाही कळतं.

विदुला:
तन्मय, वेट मोठं तर मागे जाणारा दोष मोठा, इथपर्यंत बरोबर. पण वाटायचं काहीच नसतं, आणि रेवतीचा शब्द मला नेमका त्यासाठीच खटकतोय. वाटप म्हटलं की बेरीज मूळ रकमेइतकी यायला हवी. इथे येते का बघू.

सुरुवात y पासून. लॉस y सोबत कोणत्या दराने बदलतो? y − t, म्हणजे १ − ३ = −२. उणे का, तर y वाढवला की लॉस कमी होतो. आता v1 बघा. v1 जरासा हलवला तर y त्याच्या h1 पट हलतो, h1 आहे १, म्हणून v1 चा आकडा −२ × १ = −२. v2 चा −२ × ३ = −६. इथे गंमत बघा, v2 आकाराने v1 च्या चौथाई आहे आणि दोष तिप्पट, कारण त्याच्याकडून जाणारा h2 मोठा होता. म्हणजे वेटच्या स्वतःच्या दोषात वेटचा आकार येतच नाही, त्याला आत काय मिळालं ते येतं.

आता एक पायरी मागे. h1 हलला तर y त्याच्या v1 पट हलतो, म्हणून h1 चा दोष −२ × ४ = −८. h2 चा −२ × −१ = +२. तुझं प्रमाण इथे दिसतं, आकडे ८ ला २ म्हणजे ४ ला १ च आहेत, पण चिन्हं उलटी आहेत आणि बेरीज −६. मूळ दोष −२ होता. मग वाटलं काय आपण? h1 वाढायला हवा, h2 कमी व्हायला हवा, दोघांना उलट सूचना जातायत आणि तुझ्या १.६ आणि ०.४ मध्ये ते पुसलं जातंय.

शेवटची पायरी: दोन्ही रेल्यू चालू आहेत, म्हणजे आत आलेला धन आकडा त्यांनी तसाच पुढे सोडला, म्हणून तिथला गुणक १, आणि w1 हलला की h1 त्याच्या x पट हलतो. तर w1 चा −८ × २ = −१६, w2 चा २ × २ = ४. संपलं. हे सगळे 'दर' आहेत, वाटे नाहीत.

अनंत:
विदुलाताईंचं पटलं, आणि त्यामुळेच खडूकाकांचं खापर मला चालत नाही. खापर दुसऱ्याच्या माथी फोडतात, त्यात अन्याय गृहीत आहे. इथे कुणावर अन्याय होत नाही, प्रत्येकाला विचारलं जातं की तू थोडा सरकलास तर काय झालं असतं. याला मराठीत 'जाब विचारणे' म्हणतात. मागे मागे जात जाब विचारणे. आणि काका, जाबही जवाबातनंच आलाय, तेव्हा तुमची फारसी शाबूत राहते.

जुना खडू:
जाबाला उत्तर द्यावं लागतं हो. वेट काय उत्तर देणार?

अनंत:
−१६ हे उत्तरच आहे की!

रेवती:
'दर' मला आवडलं पण त्यात मागे जाणं दिसत नाही. आणि एक वेगळाच प्रश्न पडला. विदुलाताईंचे आकडे घेऊन मी लर्निंग रेट ०.१ ने, म्हणजे प्रत्येक वेटमधून त्याच्या दोषाच्या ०.१ पट वजा करून, वेटं बदलून पाहिली. v1 ४.२, v2 −०.४, w1 २.१, w2 १.१ झाले. नवा y आला १६.७६! ३ हवा होता, आधी निदान १ तरी होता. मग दोष चुकीचा काढला का?

विदुला:
दोष बरोबर आहे, पाऊल मोठं आहे. −१६ म्हणजे w1 आत्ता जिथे आहे तिथे, बाकी सगळे जागच्या जागी असताना, किंचित हलवला तर काय होईल. तू w1 ०.५ वरून २.१ वर नेलास आणि त्याच वेळी v1 पण वाढवलास, ते दोघं एकमेकांना गुणतात. ०.०१ घेऊन बघ: v1 ४.०२, v2 −०.९४, w1 ०.६६, w2 १.४६. मग h1 १.३२, h2 २.९२ आणि y साधारण २.५६. एका पावलात चूक २ वरून ०.४४ वर आली. तेच दोष, तीच दिशा, फक्त पाऊल दहापट लहान.

म्हणून विद्यार्थ्यांना 'w1 चा दोष १६' एवढंच सांगू नकोस, त्यांना वाटेल w1 मुळात वाईट आहे. तो दोष या एका x, t च्या जोडीपुरता आणि या एका जागेपुरता आहे. पुढच्या उदाहरणाला चिन्हसुद्धा बदलू शकेल.

सुहास:
मला शब्दांतलं फारसं कळत नाही पण हे आकडे माझ्या कोडशी जुळत नाहीयेत म्हणून लिहितोय. −२, −६, −१६ जवळपास बरोबर येतं पण w2 ला ४ ऐवजी ३.७६ येतं. लर्निंग रेट ०.०१ च आहे. लॉस उतरतोय, त्यामुळे मी आजवर लक्ष दिलं नव्हतं.

विदुला:
सुहास, तू v1, v2 आधी बदलतोयस आणि मग मागची लेयर काढतोयस. बदललेला v2 आहे −०.९४, −२ × −०.९४ × २ = ३.७६, बरोबर तुझा आकडा. w1 ला पण १६ ऐवजी १६.०८ येत असेल, ते तू 'जवळपास' म्हणून सोडलंस. जाब त्या वेटनुसार विचारायचा ज्याने पुढे जाताना खरंच गुणाकार केला होता. सगळे दोष आधी काढून ठेव, वेटं सगळ्यात शेवटी बदल.

पडताळणी अशी: w2 १.५ चा १.५०१ कर, बाकी काही हलवू नकोस. h2 ३.००२, y ०.९९८, लॉस २.००४००२. लॉस ०.००४००२ ने वाढला, भागिले ०.००१, म्हणजे ४.००२. ४ च्या शेजारी बसतं, ३.७६ च्या नाही. लॉस उतरतो यावरून कोड बरोबर आहे असं ठरत नाही, थोड्या चुकलेल्या दिशेनेही उतार सापडतो.

सुहास:
झालं, ४ आलं. ओळींचा क्रमच उलटा होता.

तन्मय:
बेरजेचं मान्य. पण मग 'दोष' शब्दच का? अधिक-उणे दोन्ही असेल तर निम्म्या वेळा ते श्रेय नाही का? h2 ला +२ आणि h1 ला −८, यातला दोषी कोण आणि श्रेयाचा धनी कोण?

अनंत:
चांगला प्रश्न. मिन्स्कीने १९६१ मध्ये हा प्रश्न मांडला तेव्हा क्रेडिटच म्हटलं होतं, म्हणजे श्रेय. रुमेलहार्ट, हिंटन आणि विल्यम्स यांचा १९८६ चा नेचरमधला लेख मथळ्यात 'चुका' मागे पाठवतो, श्रेय नाही. मला वाटतं चूक टोकाला दिसते म्हणून लोकांच्या तोंडी ब्लेम बसला. मराठीत दोन्ही बाजूंना चालणारा शब्द 'वाटा' होता, तो विदुलाताईंनी बाद केला.

जुना खडू:
वाटा बाद नाही. 'यात त्याचा वाटा आहे' म्हणताना कोण बेरीज करतो? वाटप वेगळं, वाटा असणं वेगळं.

विदुला:
काका, बोलण्यात कुणी करत नाही हे खरं, पण समोर आकडे असले की करतात, तन्मयने केलीच. मी तरी 'वाटा' वापरणार नाही.

रेवती:
एक राहिलं. w2 −१.५ केला तर h2 चा रेल्यू बंद, h2 शून्य, y ४, चूक +१. तेव्हा v2 आणि w2 दोघांचा दोष शून्य येतो. टिपणात 'h2 निर्दोष सुटतो' असं लिहू का?

विदुला:
नको. v2 ला शून्य येतो कारण त्याच्या वाट्याला h2 शून्य आला. w2 ला शून्य येतो कारण बंद रेल्यूचा गुणक शून्य, मागून आलेला दोष तिथेच अडतो. w2 नीट आहे असं त्यातून काही कळत नाही. आणि सगळ्या उदाहरणांत x धनच असेल तर w2 कधीच हलणार नाही, तो युनिट मेला. 'निर्दोष' म्हटलंस तर मुलं त्याला चांगला समजतील.

अनंत:
मग 'जाब पोचलाच नाही' लिहा. इथे तरी जाब बसतो की नाही?

जुना खडू:
बसतो. पण −१६ ला 'जाब' म्हणायचं की 'जबाब', ते आधी ठरवा. विचारणं एक आणि उत्तर दुसरं, तुम्ही दोन्हीला एकच शब्द लावताय.

तन्मय:
आणि एकच h दोन आउटपुटना जात असेल तर? दोन जाब येणार ना त्याला, मग त्यांची बेरीज की मोठा असेल तो?

विदुला:
बेरीज, चिन्हासकट. एकाने +३ आणि दुसऱ्याने −३ पाठवला तर त्या h पर्यंत शून्य पोचतो, दोन्ही आउटपुट चुकलेले असले तरी.