प्रतिसाद: डेक्सामेथासोननंतर कॉर्टिसॉल ६.२

> वजन वाढलंय, पोटावर जांभळे पट्टे आलेत. रात्री ११ वाजता १ मिग्रॅ डेक्सामेथासोन घेतलं, सकाळी ८ ला कॉर्टिसॉल ६.२ आलं. कुशिंग नक्की का? गर्भनिरोधक गोळ्या चालू आहेत.

नक्की नाही. कुशिंग म्हणजे शरीरात कॉर्टिसॉल हे संप्रेरक दीर्घकाळ जास्त राहण्याचा आजार. ताई, तुमचं शेवटचं वाक्यच इथे सगळ्यात महत्त्वाचं आहे.

डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड घेतल्यावर शरीर कॉर्टिसॉल बनवणं कमी करतं, म्हणून सकाळचं कॉर्टिसॉल दर डेसिलिटरला १.८ मायक्रोग्रॅमच्या खाली जायला हवं. तुमचं गेलं नाही, हे खरं. पण गर्भनिरोधक गोळ्यांतल्या इस्ट्रोजेनमुळे यकृत कॉर्टिसॉल वाहून नेणारं प्रथिन जास्त बनवतं. रक्ततपासणी प्रथिनाला चिकटलेलं आणि मोकळं असं सगळं कॉर्टिसॉल एकत्र मोजते, त्यामुळे आकडा उगाच फुगतो. शरीरावर परिणाम करतं ते मोकळं कॉर्टिसॉल, आणि ते नॉर्मल असू शकतं.

यावर उपाय दोन. डॉक्टरांना विचारून (स्वतःहून नको) गोळ्या साधारण सहा आठवडे थांबवून हीच चाचणी पुन्हा करणं, किंवा २४ तासांच्या लघवीतलं मोकळं कॉर्टिसॉल आणि रात्री उशिराच्या लाळेतलं कॉर्टिसॉल बघणं. लघवी आणि लाळेच्या तपासणीत त्या प्रथिनाची लुडबुड फारशी नसते.

मात्र ‘गोळ्यांमुळेच असेल’ म्हणून सोडूनही देऊ नका. वजन झपाट्याने वाढलं की पट्टे कुणालाही येतात, पण ते सहसा अरुंद असतात आणि पुढे पांढरट होतात. तुमचे पट्टे बोटभर रुंद, गडद जांभळे असतील, जरा लागलं तरी काळंनिळं होत असेल, हात न टेकता खुर्चीतून उठणं जड जात असेल, तर माझा संशय वाढेल. पट्टे किती रुंद आहेत?