मदत हवी आहे: दोनावर तीन बसवताना हायहॅटशी टक्कर

१२० बीपीएमचा ट्रॅक आहे, किक प्रत्येक बीटवर. दर दोन किकमागे वुडब्लॉकचे तीन समान ठोके हवेत, म्हणजे एका सेकंदात ०, ३३३ आणि ६६७ मिलिसेकंदांवर. आधी क्वांटाइझ १/१६ वर राहिलं होतं, त्यामुळे ठोके ३-२-३ होऊन बसले. ऐकायला छान, पण ते दोनावर तीन नव्हे! आता १/४ ट्रिपलेट ग्रिडवर ते बरोबर बसलेत.

अडचण सरळ १/१६ हायहॅटची आहे. वुडब्लॉकचा दुसरा ठोका हॅटच्या ४२ मिलिसेकंद आधी पडतो आणि तिसरा तितकाच नंतर. दोन्हीकडे 'टटक्' असा चुकल्यासारखा आवाज येतो. फक्त किक आणि वुडब्लॉक वाजवले की सगळं स्वच्छ.

हॅटची व्हेलॉसिटी कमी केली, पॅन वेगळे केले, फरक नाही. ६६% स्विंगने टक्कर गेली, पण बेसलाइन सरळ सोळाव्यांत आहे, ती हॅटपासून सुटली. बेस बदलायचा नाही.

मग त्या दोन जागचे हॅट काढून टाकू, की हॅटच १/८ वर आणू? हॅट काढले तर लूपमध्ये भोक जाणवतं का? तुम्ही काय करता?