मदत हवी आहे: कर्जातूनच ठेव निर्माण होत असेल, तर बँका ठेवींसाठी धडपड का करतात?

वाणिज्य_शाहूपुरी: मी कोल्हापुरात पदवीच्या वर्गाला अर्थशास्त्र शिकवते. पुस्तकात १,००० रुपयांची ठेव येते, १० टक्के राखून ९०० रुपये कर्जाऊ जातात, ते पुन्हा कुठेतरी जमा होतात आणि शेवटी एकूण ठेवी १०,००० होतात. बँक ऑफ इंग्लंडने २०१४ मध्ये मात्र स्पष्ट लिहिले, की बँक कर्ज देते त्याच क्षणी कर्जदाराच्या खात्यात नवी ठेव तयार होते. असे असेल तर जादा व्याज देऊन ठेवी ओढण्याची गरज का पडते?

पंचगंगाकाठ: दोन्ही एकच आहे, फक्त क्रम उलटा. सीआरआर, म्हणजे ठेवींपैकी रिझर्व्ह बँकेत सक्तीने ठेवायचा हिस्सा, ४ टक्के असेल तर ठेवी २५ पटींपर्यंतच जाणार.

पतसंस्था_सचिव: आमच्या पतसंस्थेत ठेव आल्याशिवाय कर्ज देताच येत नाही, त्यामुळे हे काही पटत नाही.

जमा_नावे: मॅडम, गुळाच्या अडत्याला बँकेने १० लाख मंजूर केले असे धरू. बँकेच्या येण्यात १० लाखांचे कर्ज आणि देण्यात त्याच्या खात्यावरची १० लाखांची ठेव, अशा दोन नोंदी एकदमच होतात आणि कोणाही जुन्या ठेवीदाराचा रुपया हलत नाही. पुढे अडत्याने शेतकऱ्यांची पट्टी भागवली आणि त्यांची खाती दुसऱ्या बँकेत असली, की ठेव तिकडे जाते आणि तेवढीच रक्कम रिझर्व्ह बँकेतील पहिल्या बँकेच्या खात्यातून दुसरीच्या खात्यात वळते. एकूण ठेवी वाढलेल्याच राहतात, पण पहिल्या बँकेला ती तूट कॉल मनीतून म्हणजे इतर बँकांच्या अल्पमुदतीच्या उसनवारीतून, रेपोवर म्हणजे रोखे तारण ठेवून रिझर्व्ह बँकेकडून, किंवा नव्या ठेवींतून भरावी लागते, आणि त्यांत ठेव सर्वांत टिकाऊ असते. तुमच्या प्रश्नाचे उत्तर इथेच आहे.

पंचगंगाकाठ, सीआरआर मोजतात तो दोन पंधरवडे आधीच्या ठेवींवर, म्हणजे ठेव आधीच झालेली असते. राखीव निधी कमी पडला आणि रिझर्व्ह बँकेने तो पुरवला नाही, तर कॉल मनीचा दर रेपोच्या वर उसळतो. म्हणून दर सांभाळण्यासाठी ती तो पुरवतेच. खरी मर्यादा बँकेचे भांडवल, निधीचा खर्च आणि परतफेड करू शकणारा कर्जदार यांची असते. ब्रिटनमध्ये असे सक्तीचे प्रमाणच नाही, तरी तिथली कर्जे अमर्याद वाढत नाहीत.

सचिवसाहेब, तुमचे म्हणणे तुमच्यापुरते बरोबर आहे. पतसंस्थेचे रिझर्व्ह बँकेत खाते नसते. सभासदाला दिलेले कर्ज तुमच्या बँकेतील शिलकीतूनच बाहेर जाते, म्हणून तुम्ही असलेलीच ठेव फिरवता.

पंचगंगाकाठ: मग सीआरआर घटवल्यावर कर्जे वाढतात, ते कसे?

जमा_नावे: सीआरआरपोटी ठेवलेल्या शिलकीवर व्याज मिळत नाही, त्यामुळे कपातीने बँकेचा खर्च उतरतो. तो फायदा कर्जदारापर्यंत किती पोहोचतो, याबद्दल आमच्या शाखेतही एकमत नाही.

वाणिज्य_शाहूपुरी: अडत्याचे उदाहरण वर्गात दोन बँकांचे ताळेबंद शेजारीशेजारी मांडून सोडवून घेईन. परीक्षेत पुस्तकातला १,००० चे १०,००० करणारा गुणकच विचारतात, तेव्हा उत्तरपत्रिकेत काय लिहायला सांगावे?