आजोबांच्या वहीबद्दल

> "आजोबा फार बोलायचे नाहीत. ते गेल्यावर त्यांची वही सापडली. घरातल्या प्रत्येक दुरुस्तीची नोंद आहे. आजीच्या शिलाई मशीनपुढे लिहिलंय : पट्टा सैल. अर्धा इंच कापून जोडला. आता ठीक."

त्या एका नोंदीतून आजोबा ओळखीचे झाले. पायमशीनचा चामडी पट्टा वापरून वापरून ताणतो. मग पायटा हलतो, मोठं चाकही फिरतं, पण पट्टा नुसताच घसरतो आणि जाड कापडात सुई अडते. पट्टा थोडा कापायचा, नवं भोक पाडायचं, तारेची कडी घालून पुन्हा जोडायचा. जास्त कापला तर मशीन जड चालतं, म्हणून अर्धाच इंच. हे सगळं करायचं आणि लिहायचं काय, तर 'आता ठीक'! बोलत नसत म्हणता, पण आजींचे पाय दुखू नयेत याची काळजी त्यांनी वहीत लिहून ठेवलीय की.

वही जपा. फाटक्या पानांना चिकटपट्टी मात्र लावू नका, तिचा डिंक पुढे पिवळा पडून कागदावर डाग धरतो. पानांचे फोटो दिवसाउजेडी, फ्लॅश न लावता काढून ठेवा. आणि आजींना बरं वाटेल तेव्हा एकेक नोंद वाचून दाखवा. कोणती वस्तू कशी बिघडली आणि त्यावरून घरात काय बोलणं झालं, हे वहीत नाही, ते त्यांनाच माहीत असणार. (काही ठिकाणी त्यांची बाजू वेगळी निघेल, तीही लिहून घ्या.)

आजोबांना विनम्र आदरांजली. आजींना माझा नमस्कार सांगा.