'विऱ्या' की 'विरू'? लाडाच्या नावातला '-या' मायेचा की हलका?

सातारची सून
माझा मुलगा विराज चार वर्षांचा आहे. आम्ही दोघं त्याला विरू म्हणतो. सासूबाई पहिल्या दिवसापासून 'विऱ्या' म्हणतात आणि आता शेजारची पोरंही तेच म्हणू लागली आहेत. सासूबाईंची माया मला दिसते. पण '-या' लावणं मुळातच हलकं, गडीमाणसांना हाकारायची ती रीत, असं माझं मत आहे. लाडाचं नाव '-ऊ' किंवा '-बा' लावून करावं. तुम्हाला काय वाटतं? सासूबाईंना सांगू का?

जुने मास्तर
सांगू नका. मी पस्तीस वर्षं मराठी शिकवलं. वर्गात एकमेकांची नावं पोरं कशी मोडतात ते रोज ऐकलं, त्यावरून सांगतो.

कान नावातला पहिला स्वर धरतो, त्याच्या पुढचं व्यंजन घेतो आणि उरलेलं सोडून देतो. सुरेशमधून 'सुर्' उरतो, विनायकमधून 'विन्', मंगेशमधून 'मंग्'. एवढ्या तुकड्याला '-या' लागला की सुऱ्या, विन्या, मंग्या. पुढे जोडाक्षर आल्यामुळे दीर्घ ई-ऊ आखडतात, म्हणून दीपकचा दिप्या आणि भूषणचा भुष्या होतो. नावाच्या आरंभी 'प्र' असेल तर त्यातला र गळतो. प्रमोदचा पम्या, प्रकाशचा पक्या, प्रशांतचा पश्या. 'प्रम्या' मी आयुष्यात ऐकलेला नाही. जिथे हे जमत नाही तिथे लोक वाट बदलतात. जयंतमध्ये दुसरं अक्षर आधीच 'य' आहे, त्यावर आणखी 'या' बसत नाही, म्हणून तो बहुतेक घरांत जयू होतो. राहुलचं पूर्ण नाव ठेवून राहुल्या करतात.

आता मुद्द्याचं. तोच तुकडा '-ऊ' घेतो, '-या' घेतो, '-बा'ही घेतो. विनायक नरहर भावे यांना त्यांची आई 'विन्या' म्हणायची. 1916 साली ते गांधीजींच्या आश्रमात गेले आणि तिथे पुढे 'विनोबा' झाले. माणूस एक, तुकडा एक. आईच्या तोंडचं 'विन्या' हलकं होतं असं कोण म्हणेल?

तुम्ही 'विऱ्या' बरोबर लिहिलंत, याचा आनंद झाला. हल्ली 'सुऱ्या'च्या जागी सर्रास 'सुर्या' दिसतं, ते वाचताना जिभेला भलतीकडे नेतं.

पेठेतला
मास्तर, हे तर सरळ संबोधन आहे. घोड्याला हाक मारताना आपण 'अरे घोड्या' म्हणतो, तसंच 'अरे विन्या'. म्हणजे '-या' हा हाकेचा प्रत्यय झाला, नावाचा नव्हे. आणि '-बा' देवाला आणि संतांना लागतो: विठोबा, खंडोबा, ज्ञानोबा, तुकोबा. चार वर्षांच्या पोराला 'विरोबा' म्हणणं शोभायचं नाही. ताईंनी '-ऊ'वरच थांबावं.

जुने मास्तर
हाकेशी त्याचा मेळ बसतो, हे तुमचं खरं. ही नावं जन्मतात तीच ओसरीवरून हाक मारताना. पण आपण 'विन्या आला', 'विन्याने खाल्लं' असंही म्हणतो. नुसतं संबोधन असतं तर ते वाक्याचा कर्ता झालं नसतं. 'घोड्या आला' कोणी म्हणत नाही.

'-बा'चं मात्र तुम्ही चुकलात. धोंडीबा, पांडबा, म्हादबा ही नांगर धरणाऱ्यांची नावं आहेत, गावोगाव आहेत. शिवाजीराजांना शिवबा म्हणतात ते घरातल्या मायेनंच.

काळी माती
मास्तर, तुमचं व्याकरण मला पटलं, निकाल पटला नाही.

माझे आजोबा मराठवाड्यातल्या एका गावात सालगडी होते. बारशाचं नाव धोंडीराम. वाड्यावर ते 'धोंड्या'. मालकांच्या नात्यात त्याच नावाचे एक गृहस्थ होते, ते 'धोंडोपंत'. आजोबा साठीला आले, नातवंडं झाली, तरी वाड्यावरचं दहा वर्षांचं पोर त्यांना 'धोंड्या, पाणी आण' म्हणायचं. घरी आजी त्यांना नावानं हाक मारत नसे, पण इतरांशी बोलताना 'धोंडीबा' म्हणायची. एका नावाची ही तीन रूपं. '-या', '-बा' आणि '-पंत' यांतला फरक आम्हाला कुठल्या पुस्तकातून शिकावा लागला नाही.

म्हणून आमच्या घरात '-या' बंद आहे. दोन वर्षांच्या पुतण्याला आम्ही 'संतोषराव' म्हणतो, तो त्या नावाला ओ देतो. लाड करायला माणसाला लहान करावंच लागतं असं नाही. बाबासाहेबांचं शाळेच्या दाखल्यातलं नाव 'भिवा' होतं. भीमचा भिवा, जसा ग्रामचा गाव आणि नामचं नाव. ते घरचं नाव होतं, त्यात '-या' नव्हता, आणि माया कुठे कमी पडली?

माणदेशी
आमच्याकडं आधीची पोरं जगली नाहीत तर मागून झालेल्याला दगडू, केरू, भिकू असं नाव ठेवायचे, म्हणजे मरणाची नजर लागू नये. माझे चुलते केरू. त्यामुळं हलकं नाव म्हणजे अपमान असं धरू नये, ताई. उलट आयुष्य वाढतं.

जुने मास्तर
माणदेशी, ती बारशाची नावं. इथे विषय बारशाच्या नावाची घरात काय मोडतोड होते याचा आहे. पण तुमच्या चुलत्यांना हाक काय मारायचे ते सांगा, ते उपयोगाचं आहे.

माणदेशी
आजी 'केऱ्या' म्हणायची. बाकी सगळे केरूनाना.

जुने मास्तर
काळी माती, तुमच्या आजोबांचं वाचून मी बराच वेळ थांबलो. वाड्यावर जे झालं त्याचं समर्थन नाही. पण प्रत्ययावर तो दोष जात नाही, असं मला अजून वाटतं. जनाबाईंच्या नावावरचा अभंग आठवा, 'अरे विठ्या विठ्या'. ज्याच्या पायाशी सगळी पंढरी लोळते त्याला तिनं '-या' लावला. त्याहून जवळीक कोणती?

काळी माती
पुढचा शब्द तुम्ही सोडलात, मास्तर. 'मूळ मायेच्या कारट्या.' ती तिथं भांडते आहे, शिव्या देते आहे. म्हणजे '-या' रागातही चपखल बसतो, हे तुमच्याच उदाहरणानं सिद्ध झालं.

आणि बोलणारी कोण? दासी. नामयाची दासी जनी. तिनं मालकाच्याही मालकाला 'विठ्या' म्हटलं. खालून वर गेलेला '-या' आणि वरून खाली आलेला '-या' एक नव्हेत. माझ्या आजोबांनी वाड्यावर कुणाला '-या' लावला असता तर काय झालं असतं, ते तुम्हालाही ठाऊक आहे.

जुने मास्तर
शब्द सोडला, ही माझी चूक. दिशेचं तुमचं म्हणणं मला मान्य आहे. तरी 'म्हणून घरात बंद' इथपर्यंत मी येत नाही. आजी आणि नातू यांच्यात वाडा नाही.

काळी माती
आजी आणि नातू यांच्यात नाही. शेजारच्या पोरांत आहे की नाही ते ताईंनाच ठाऊक. आमच्या पिढीत शाळेत कुणाचा 'गण्या' आणि कुणाचा 'गणेश' व्हायचा, ते आडनावावरून ठरायचं.

वारसदार
माझा अनुभव वेगळा आहे, कुणाच्या तरी कामी येईल. वडिलांचं नाव बाळकृष्ण. सातबाऱ्यावर आजोबांनी सांगितलं तसं 'बाळू' लागलं, शाळेच्या दाखल्यावर बाळकृष्ण आणि मृत्यू दाखल्यावर बाळासाहेब. वारस नोंदीला गेलो तर तीन वेगळी माणसं झाली. शेवटी प्रतिज्ञापत्र केलं, 'बाळू ऊर्फ बाळासाहेब ऊर्फ बाळकृष्ण' असं लिहून दिलं, गावातले दोन वयस्क साक्षीदार नेले. सात महिने गेले. लाडाचं नाव काहीही ठेवा, कागदावर जाऊ देऊ नका. लोकमान्य टिळकांचं पाळण्यातलं नाव केशव, पण जग त्यांना बाळ म्हणूनच ओळखतं. सगळ्यांचं तसं निभत नाही.

डोंबिवलीची रंजी
इतकं बोललात, सगळे मुलगेच. मुलींना '-ई' लागते: सुमनची सुमी, प्रमिलाची पमी, रंजनाची रंजी. तिथेही प्रमिलाचा र गळतो, मास्तर. हाक मारताना तिचा '-ए' होतो: सुमे, पमे, रंजे. 'रंजे, दूध उतू गेलं!' हे आईच्या आवाजात अजून कानात आहे.

माझ्या आत्याचं माहेरचं नाव कुसुम, घरात कुसी. 1971 मध्ये लग्न झालं तेव्हा ताटात तांदूळ पसरून अंगठीनं नवं नाव लिहिलं, आणि ती मृणालिनी झाली. कागदपत्रांतून कुसुम गेली. 'कुसी' मात्र तीन भावंडांच्या तोंडी राहिली. दोन भाऊ गेले. आता माझे वडील एकटेच तिला कुसी म्हणतात, रविवारी फोनवर. ती म्हणते, सासरच्या पन्नास वर्षांत एकानंही मला लहान केलं नाही, त्याचंच वाईट वाटतं. काळी माती, तुमचं दुःख मला कळतं. पण लहान होता येणं ही काहींना न मिळालेली गोष्ट असते.

पेठेतला
मुलीला 'सोन्या', 'राजा' म्हणतात ते कसं बसतं मग? माझी बायको आमच्या लेकीला 'ए सोन्या' म्हणते.

डोंबिवलीची रंजी
आमच्याकडेही म्हणतात. मला ते खटकतं. सोनी म्हणा ना. लाड करायला मुलीचा मुलगा कशाला करायचा?

सातारची सून
सगळ्यांचं वाचलं. काल रात्री भांडी आवरताना सासूबाईंना विचारलं. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, 'तुझ्या नवऱ्याला मी संज्या म्हणायची. तू घरात आलीस त्या दिवसापासून सोडलं. बायकोसमोर पोराला '-या' लावू नये. मग कुणाला म्हणू? हा एक आहे, याची मुंज होईस्तोवर म्हणू दे.' लग्न होऊन नऊ वर्षं झाली, मी त्यांच्या तोंडून कधी 'संज्या' ऐकलं नव्हतं, आणि ऐकलं नाही हेही माझ्या लक्षात आलं नव्हतं.

आजीचं 'विऱ्या' मी आता अडवणार नाही. शेजारच्या तिघांना मात्र सांगितलं की तुम्ही विराज म्हणा. दोघांनी ऐकलं.

काळी माती
तिसरा?

सातारची सून
तिसऱ्याला विराजच म्हणाला, 'तू विऱ्या म्हण, मी तुला पश्या म्हणतो ना.' आता मी काय करावं ते मला खरंच कळत नाही.

काळी माती
ते दोघं बरोबरीचे दिसतात. मी असतो तर त्या दोघांना थांबवलं नसतं. माझ्या घरात नियम तोच राहील.