अनुभव धागा: क्रॉनमध्ये तारीख आणि वार एकत्र दिल्यावर तुमच्याकडे काय झालं?

सावली_ठाणे

नमस्कार मंडळी, हा धागा मुद्दाम काढतेय, कारण क्रॉनची ही एक गोष्ट अशी आहे की ओळ वाचताना बरोबर वाटते, पहिल्यांदा चालतेसुद्धा बरोबर, आणि मग भलत्याच दिवशी चालते. ज्यांनी ज्यांनी हे पाहिलंय त्यांनी आपापले किस्से ओळीसकट टाका, कुठल्या सिस्टीमवर ते नक्की लिहा.

आमच्याकडचं सांगते. आम्ही छोट्या बँकांचं सॉफ्टवेअर सांभाळतो. सप्टेंबर २०१५ पासून दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँका बंद असतात, म्हणून डेटाबेसचं रीइंडेक्सिंग त्या दोन शनिवारी सकाळी सातला लावलं होतं, काम तीन-चार तासांचं. दुसरा शनिवार नेहमी ८ ते १४ मध्ये येतो, चौथा २२ ते २८ मध्ये, तेव्हा आधीच्या टीमने ही ओळ लिहून ठेवलेली:

```
0 7 8-14,22-28 * 6 /opt/jobs/reindex.sh
```

मिनिट, तास, तारीख, महिना, वार, वारात ६ म्हणजे शनिवार. वाचताना काय वाटतं, की या तारखांमधला शनिवार. पण क्रॉन वाचतो "या तारखा, किंवा कुठलाही शनिवार". ऑगस्ट २०२५ घ्या. हवे होते ९ आणि २३, दोनच दिवस. चाललं कधी, तर ८ ते १४ रोज, २२ ते २८ रोज, आणि वर २, १६, ३० हे उरलेले शनिवार, म्हणजे एकूण १७ वेळा. सोमवारी ११ तारखेला सकाळी दहाला काउंटर उघडलं आणि पासबुक एन्ट्रीसुद्धा होईना, लोक रांगेत उभे, कारण सातला सुरू झालेलं काम अजून टेबलं धरून बसलेलं. आधी सगळे नेटवर्कला नावं ठेवत होते. शेवटी लॉग काढला तेव्हा कळलं:

```
grep CRON /var/log/syslog | grep reindex
```

मला यातलं सगळ्यात महत्त्वाचं हे वाटतं की आधीच्या टीमने चाचणी केलेली होती. शनिवारी चाललं का बघितलं, चाललं, झालं. शुक्रवारी चालायला नको तेव्हा चाललं का, हे कुणी बघतच नाही.

कोकणी_कोडर

अगं पण हे तसं नाहीये, दोन्ही दिलं की दोन्ही जुळावं लागतं. आमच्या जावाच्या प्रोजेक्टमध्ये स्प्रिंग आहे, त्यात `0 0 9 13 * FRI` लिहिलं तर फक्त तेरा तारखेला शुक्रवार आला तरच चालतं, मी लॉग बघून सांगतोय, अंदाजाने नाही. तुमच्या ओळीत दुसरं काहीतरी चुकलं असेल, कदाचित दोन युजरच्या क्रॉनटॅबमध्ये असेल ती.

जुना_युनिक्सवाला

कोकणी, तुझं स्प्रिंगबद्दल बरोबर आहे, पण तो स्प्रिंगचा नियम झाला. लिनक्सच्या क्रॉनटॅबला लावू नकोस. तिथे बाकीचे रकाने सगळे जुळावे लागतात, फक्त तारीख आणि वार या जोडीला वेगळी वागणूक आहे. दोन्हीपैकी एक जरी `*` असेल तर दुसऱ्याचं चालतं, आणि दोन्ही भरले तर कुठलाही एक जुळला की काम सुरू. हा बग नाही. पॉल व्हिक्सीचा क्रॉन १९८७ चा, त्याच्या मॅन पेजमध्ये उदाहरणच दिलंय, `30 4 1,15 * 5` म्हणजे एक आणि पंधरा तारखेला, शिवाय दर शुक्रवारी. पोझिक्समध्येही तसंच. पगाराच्या तारखा आणि आठवड्याचा रिपोर्ट एकाच ओळीत बसवता यावेत असा विचार केला तर तो नियम सोयीचा आहे, फक्त आपल्याला "दुसरा शनिवार" हवा असतो आणि तो त्यात बसतच नाही.

सावलीताई, तुमच्या कामाला वार क्रॉनच्या हातून काढून घ्या आणि कमांडमध्ये तपासा:

```
0 7 8-14,22-28 * * [ "$(date +\%u)" -eq 6 ] && /opt/jobs/reindex.sh
```

आता वाराचा रकाना `*` आहे त्यामुळे क्रॉन फक्त तारीख बघतो, चौदा दिवस उठतो, आणि त्यातल्या शनिवारीच पुढे जातो. बाकी दिवशी लॉगमध्ये ओळ दिसेल पण स्क्रिप्ट चालणार नाही, तेव्हा नुसता सिसलॉग बघून घाबरू नका, स्क्रिप्टच्या स्वतःच्या लॉगमध्ये वेळ लिहायला लावा.

प्राजक्त

काकांच्या ओळीतला `%` च्या आधीचा बॅकस्लॅश कृपया कुणी गाळू नका!! आमच्या एका क्लायंटकडे हीच युक्ती कुणीतरी टर्मिनलवर आधी चालवून बघितली, तिथे बॅकस्लॅशशिवाय चालली, म्हणून तशीच क्रॉनटॅबमध्ये टाकली. क्रॉनटॅबमध्ये उघडा `%` आला की ओळ तिथेच तुटते आणि पुढचं सगळं कमांडला इनपुट म्हणून जातं, म्हणजे शेलला मिळतं फक्त `[ "$(date +` एवढंच, आणि तो अवतरण बंद झालं नाही म्हणून एरर देतो. ती एरर मेलने जायला हवी, पण त्या सर्व्हरवर मेलची सोयच नव्हती, सिसलॉगमध्ये फक्त `No MTA installed, discarding output` असं येत राहिलं. म्हणजे पूर्वी जास्त वेळा चालायचं, आता एकदाही नाही, आणि सगळे खूश की तक्रार बंद झाली. बॅकअपचं काम होतं ते.

द्राक्षबाग

माझा प्रॉब्लेम थोडा वेगळा आहे पण विचारतो. माझं काम शनिवारी रात्री दोनला लावलंय, तारीख-वार सगळं बरोबर तपासलं, तरी सकाळी साडेसातला चालतं. सर्व्हर क्लाउडवर आहे. हा पण तारीख-वाराचाच लोचा आहे का?

जुना_युनिक्सवाला

नाही, तुझा सर्व्हर यूटीसीवर आहे, `date` टाइप कर, कळेल. साडेपाच तासांचा फरक. पण आता फक्त तास बदलून मोकळा होऊ नकोस, इथे लोक फसतात. आपल्याकडचे शनिवारी रात्रीचे दोन म्हणजे तिकडे शुक्रवारचे २०:३०. म्हणजे वार शुक्रवार झाला आणि तारीखही एकने मागे गेली. दुसरा शनिवार हवा असेल तर ८-१४ आणि ६ नाही, ७-१३ आणि ५:

```
30 20 7-13 * * [ "$(date +\%u)" -eq 5 ] && /opt/jobs/night.sh
```

पहिला शनिवार असेल तर आणखी पंचाईत, कारण १ तारीख मागे गेली की मागच्या महिन्याची शेवटची तारीख होते. तिथे रोज उठवून `TZ=Asia/Kolkata date` ने आपली तारीख आणि वार दोन्ही विचारलेलं सोपं.

द्राक्षबाग

यूटीसीच निघालं. धन्यवाद काका.

एक_टेस्टर

आमच्याकडे उलटं झालं, म्हणून लिहितेय. दिवसाआड, पण सोमवार ते शुक्रवारच, असं हवं होतं. `0 6 */2 * 1-5` अशी ओळ होती आणि ती ठीक चालत होती, म्हणजे विषम तारीख आणि कामाचा दिवस असेल तरच. (३१ जुलै आणि १ ऑगस्ट २०२५ लागोपाठ चाललं, गुरुवार आणि शुक्रवार, दोन्ही विषम, ते वेगळं.) मग एका नव्या मुलाने नीटनेटकं करायचं म्हणून `*/2` चं `1-31/2` केलं. तारखा अगदी त्याच, १, ३, ५. आणि दुसऱ्या दिवसापासून सम तारखांनाही चालायला लागलं, शिवाय विषम तारखेच्या शनिवार-रविवारी पण! रिव्ह्यूमध्ये चार जणांनी बघून ओके दिलेलं. हे असं का, कुणाला माहितीये?

जुना_युनिक्सवाला

माहितीये. व्हिक्सी क्रॉन रकान्यात कोणत्या तारखा निघतात ते बघून ठरवत नाही, रकान्याचं पहिलं अक्षर `*` आहे का तेवढंच बघतो. `*/2` ची सुरुवात ताऱ्याने, म्हणून तो रकाना मोकळा धरला गेला आणि दोन्ही जुळावे लागले. `1-31/2` ची सुरुवात आकड्याने, म्हणून "किंवा" लागू झालं. याचाच फायदा घेऊन काही लोक `0 9 1-7 * */7` लिहून पहिला रविवार मिळवतात, वारात `*/7` म्हणजे फक्त रविवार पण सुरुवात ताऱ्याने. चालतं, पण पुढच्या माणसाला ते कळणार नाही आणि तो तुमच्या त्या मुलासारखंच ते साफ करून ठेवेल. मी कुणाला तसं लिहू देत नाही.

पॉड_पाळणारा

आणि कुबरनेटीसच्या क्रॉनजॉबवर यावर अजिबात विसंबू नका, तिथे आत वेगळी गो लायब्ररी आहे. साधा `*` मोकळा धरते, पण `*/2` ला मोकळा धरत नाही. म्हणजे टेस्टरताईंची मूळ ओळ जशीच्या तशी तिकडे नेली तर ती "किंवा" होईल. आम्ही सर्व्हरवरून क्लस्टरवर जाताना क्रॉनच्या ओळी कॉपी-पेस्ट केल्या तेव्हा हेच झालं, ओळीत एक अक्षर बदललं नव्हतं.

मधली_सुट्टी

क्वार्ट्झ वापरणाऱ्यांसाठी: तिथे दोन्ही रकाने भरताच येत नाहीत, एकात `?` द्यावंच लागतं, त्यामुळे हा गोंधळ होत नाही. दुसरा शनिवार `0 0 7 ? * 7#2` असा सरळ लिहिता येतो. पण वार १ पासून मोजतात आणि १ म्हणजे रविवार, शनिवार ७. क्रॉनटॅबमध्ये ७ म्हणजे रविवार. मी आकडे सोडून SAT, SUN अशी अक्षरंच लिहिते.

कोकणी_कोडर

हे सगळं वाचून लिनक्सवर तपासलं, काका बरोबर आहेत, माझं स्प्रिंगपुरतंच खरं. पण मग सिस्टमडी टायमर का नाही वापरत लोक? तिथे तारीख आणि वार दोन्ही जुळावे लागतात, आणि पुढचे दिवस आधीच दाखवतो:

```
systemd-analyze calendar --iterations=5 "Sat *-*-08..14,22..28 07:00"
```

जुना_युनिक्सवाला

दाखवतो, ते चांगलंच आहे. पण एका ओळीच्या जागी दोन फाइली, आणि रात्री दोनला उठून बघणाऱ्याला आधी कळायला हवं की काम क्रॉनमध्ये आहे की टायमरमध्ये. माझं मत क्रॉनच.

कोकणी_कोडर

मला नाही पटत. चुकीचा दिवस आधी दिसण्यापेक्षा दोन फाइलींचा त्रास परवडला.

सावली_ठाणे

आम्ही सध्या काकांची ओळ लावलीय, बॅकस्लॅशसकट. आता एक प्रश्न उरलाय. पहिल्या-तिसऱ्या शनिवारी बँक चालू असते, पण सणामुळे एखादा तसा शनिवार सुट्टीचा असेल तर तेव्हाही रीइंडेक्स करून घ्यायचंय, आणि सुट्ट्यांची यादी राज्याप्रमाणे बदलते, गोव्यातल्या शाखेची वेगळी. हे क्रॉनच्या ओळीत येणार नाही हे कळतंय. दर शनिवारी उठवून डेटाबेसमधल्या सुट्टीच्या टेबलला विचारायचं असं ठरतंय, पण ज्या डेटाबेसचं काम करायचंय त्यालाच आधी विचारायचं आणि तोच बंद असला तर काय करायचं यावर टीममध्ये दोन तट आहेत. कुणी असं केलं असेल तर यादी कुठे ठेवलीत ते लिहा.